६५१ ओळी आणि वॉर्डातला फ्रिज

आमचं हॉस्पिटल ११० बेडचं. जिल्ह्याच्या गावातलं, दोन भावांनी सुरू केलेलं, आता ट्रस्टच्या नावावर असलेलं. २०२३च्या पावसाळ्यात एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मानांकन देणारी राष्ट्रीय संस्था, तिच्या पूर्ण मानांकनासाठी अर्ज करायचं ठरलं आणि क्वालिटी कोऑर्डिनेटर म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्याआधी मी सात वर्षं याच हॉस्पिटलच्या आयसीयूत सिस्टर होते, त्यामुळे माणसं ओळखीची होती, पुस्तक मात्र नवीन होतं. ते पुस्तक म्हणजे एनएबीएचच्या मानकांची २०२०ची पाचवी आवृत्ती. दहा प्रकरणं, शंभर मानकं आणि त्यांच्याखाली ६५१ ‘ऑब्जेक्टिव्ह एलिमेंट्स’, म्हणजे तपासता येतील असे मुद्दे. त्यांपैकी १०२ कोअर, म्हणजे सक्तीचे, ४५९ कमिटमेंट, उरलेले अचिव्हमेंट आणि एक्सलन्सचे. या लेखात मी त्यांना नुसतं ‘मुद्दे’ म्हणेन.

पहिल्या महिन्यात मी जे केलं ते बहुतेक जण करतात. सगळे ६५१ मुद्दे एका एक्सेल शीटमध्ये उतरवले, शेजारी ‘आहे / नाही / शेरा’ असे तीन रकाने ठेवले आणि प्रकरणानुसार वाटून टाकले. औषध व्यवस्थापनाचं प्रकरण फार्मसीला, संसर्ग नियंत्रणाचं इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरला, रुग्णसेवेचं मेट्रनना, इमारत आणि सुरक्षेचं मेंटेनन्सला. चौदा विभागांपैकी अकरांकडून शीट परत आलं. जवळपास सगळीकडे ‘आहे’. फार्मसीच्या इन्चार्जने तर शेरा लिहिला होता, ‘सर्व नियमित’. त्या दिवशी मला बरंही वाटलं, हे कबूल करते.

चार दिवसांनी जनरल वॉर्डात एका जुन्या मैत्रिणीशी गप्पा मारायला थांबले होते. औषधांच्या फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता लावलेला होता. रोज तीन नोंदी, सकाळ, दुपार, रात्र. महिनाभर प्रत्येक खान्यात ४ अंश, एकाच निळ्या पेनने, एकाच हाताने. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि त्या दिवशीची रात्रीची नोंद आधीच भरलेली होती. दार उघडलं तर आतला थर्मामीटर ११ दाखवत होता. इन्सुलिन आणि लसींसाठी २ ते ८ लागतं, हे त्या तक्त्याच्या डोक्यावरच छापलेलं होतं. फार्मसीच्या शीटमध्ये याच मुद्द्यापुढे ‘आहे’ होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फार्मसीतल्या फ्रिजचं तापमान नीट होतं. वॉर्डातल्या फ्रिजबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

चूक माझ्या वाटपात होती. मानकाचं पुस्तक विषयावर रचलेलं आहे आणि हॉस्पिटल चालतं जागेवर. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य संस्थेला उद्देशून आहे: औषधं योग्य तापमानात साठवली जातात, रुग्णाची ओळख दोन खुणांनी पटवली जाते. ‘संस्था’ नावाचा कुणी माणूस ड्यूटीवर नसतो. ते वाक्य जसंच्या तसं विभागाला पाठवलं की प्रत्येक जण आपल्यापुरतं वाचतो आणि प्रामाणिकपणे हो म्हणतो.

म्हणून दुसऱ्या खेपेला वाटप थांबवलं आणि फोड सुरू केली. प्रत्येक मुद्दा वाचायचा आणि स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. हे घडतं कुठे कुठे? तिथे ते कुणाच्या हातून घडतं? आणि घडलं हे मला कशावरून कळेल? तिसऱ्या प्रश्नात खरी मेहनत आहे. पुरावा चारच प्रकारचा असतो, असं मी ठरवून टाकलं: कागद, जागा, माणूस किंवा रुग्णाची फाइल. पुस्तकात ज्या मुद्द्यांवर तारांकन असतं त्यांना लेखी कार्यपद्धती हवीच, म्हणून तिथे कागदाची एक ओळ आपोआप आली. पण कागदाची ओळ विभागाच्या पानावर ठेवायची नाही, ती माझ्याकडे. वॉर्डातल्या सिस्टरला ‘धोरण उपलब्ध आहे का’ हे विचारणं म्हणजे तिला फाइलींच्या कपाटाकडे पळवणं. तिच्या पानावर जागा, माणूस आणि फाइल एवढंच.

एक मुद्दा पूर्ण उलगडून दाखवते, म्हणजे फोड म्हणजे काय ते कळेल. जास्त धोक्याच्या औषधांबद्दल मानकाचं म्हणणं थोडक्यात असं की अशा औषधांची यादी हवी, ती वेगळी आणि सुरक्षित ठेवलेली हवीत आणि देण्याआधी पडताळणी हवी. आमच्या यादीत सगळ्यात वर तीव्र पोटॅशियम क्लोराइड होतं. दहा मिलीचं अँप्यूल, दिसायला जवळपास डिस्टिल्ड वॉटरसारखं. पातळ न करता शिरेतून दिलं तर हृदय थांबतं. आयसीयूत असताना ते मी शेकडो वेळा ड्रिपमध्ये मिसळून दिलंय, तरी प्रत्येक वेळी लेबल दोनदा वाचायचे.

या एका मुद्द्यातून फार्मसीसाठी प्रश्न निघाला: गेल्या महिन्यात आयसीयू आणि ओटी सोडून कुठल्या विभागाला पोटॅशियम क्लोराइड दिलं गेलं? इंडेंटची, म्हणजे विभागांच्या मागणीची वही उघडून उत्तर द्यायचं, तोंडी नाही. वॉर्डासाठी: ट्रॉलीचे सगळे ड्रॉवर आणि औषधांचं कपाट उघडा, अँप्यूल किती सापडले? अपेक्षित उत्तर शून्य. आयसीयूसाठी: कुलपातल्या डब्यातली मोजणी रजिस्टरशी जुळते का, आणि शेवटच्या तीन इन्फ्यूजनच्या फाइलींवर दोघांच्या सह्या आहेत का? ओटीसाठी: ॲनेस्थेशियाच्या ट्रॉलीत ते स्नायू सैल करणाऱ्या औषधांपासून वेगळ्या कप्प्यात आहे का? पुस्तकातला एक मुद्दा, हॉस्पिटलातल्या चार जागा आणि प्रत्येक जागेला उत्तर आकड्यात किंवा डोळ्यांनी दिसेल असं.

वॉर्डाच्या ओळीत पहिल्याच राउंडला शून्य आलं नाही. ट्रॉलीच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये तीन अँप्यूल सापडले, डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्याला खेटून. फार्मसीची वही स्वच्छ होती, वॉर्डाला त्यांनी एकही दिलं नव्हतं. मग आले कुठून? इन्चार्ज सिस्टरने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मॅडम, आयसीयूतून पेशंट खाली येतो ना, त्याच्या औषधांच्या पिशवीतून येतात. आम्ही परत कुठे करणार? ठेवतो इथंच.” नातेवाइकांनी विकत आणलेली औषधं पेशंटच्या नावाने पिशवीत असतात, शिफ्टिंगच्या वेळी पिशवी पेशंटबरोबर खाली येते आणि डिस्चार्जनंतर उरलेलं ट्रॉलीत जातं. हे कुठल्याही शीटमध्ये येत नव्हतं, कारण ते कुठल्याच विभागात घडत नव्हतं. दोन विभागांच्या मधल्या लिफ्टमध्ये घडत होतं.

ही गोष्ट मी तेव्हा नोंदवली आणि पुढे गेले. तिचा खरा अर्थ दोन महिन्यांनी लक्षात आला.

नोव्हेंबरपर्यंत चौदा विभागांची चौदा पानं तयार झाली होती. एका विभागाला एक पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं, जनरल वॉर्डाच्या पानावर ३८ प्रश्न. सुरुवातीला ते ९६ होते. मेट्रन म्हणाल्या, “हे भरायला बसले तर माझी पोरं इंजेक्शन कधी देणार?” त्यांचं बरोबर होतं. जे प्रश्न महिन्यातून एकदा बघितले तरी चालतात ते माझ्या मासिक राउंडमध्ये घेतले, जे वर्षातून एकदा बदलतात ते कागदांच्या यादीत गेले, आणि वॉर्डाकडे आठवड्याला बघायचेच तेवढे उरले. प्रश्नाची भाषाही बदलली. इमर्जन्सीच्या ट्रॉलीबद्दल ‘क्रॅश कार्ट सुसज्ज आहे का’ असं विचारलं तर याचं उत्तर कायम हो येतं. ‘सीलचा नंबर काय, आणि तो रजिस्टरमधल्या शेवटच्या नोंदीशी जुळतो का? लॅरिंगोस्कोपचा दिवा आत्ता लावून बघितला का?’ याचं उत्तर हो देता येत नाही, बघावंच लागतं. मावशी आणि मामांसाठी लेखी प्रश्न नव्हते, त्यांना मीच विचारायचे: सुई कुठे टाकायची, रिकामी काचेची वायल कुठे, सलाइनचा सेट कुठे. पांढरा न टोचणारा डबा, निळा, लाल. आमच्या मावशींना हे माझ्यापेक्षा पक्कं येत होतं. चुकायचे ते शिकाऊ डॉक्टर.

फ्रिजचा प्रश्न आता असा झाला: ‘मिन-मॅक्स थर्मामीटरवर गेल्या चोवीस तासांतलं सर्वात कमी आणि सर्वात जास्त तापमान लिहा आणि मग रिसेट करा.’ दोन आकडे लिहायचे असल्यामुळे ४-४-४ भरता येत नाही. तक्त्यावर २ ते ८च्या बाहेरचा आकडा दिसला की पुढचा रकाना विचारतो, औषधं कुठे हलवली आणि बायोमेडिकलला फोन किती वाजता केला. पहिल्या आठवड्यात दोन फ्रिज बाद झाले. एकाच्या दाराचं रबर गेलं होतं आणि दुसरा मुळात औषधांचा नव्हताच, त्यात स्टाफचे डबे असायचे.

परवान्यांचं पान मी वेगळं काढलं आणि ते ॲडमिन ऑफिसच्या भिंतीवर लावलं. तिथे फोड लागत नाही, तारखा लागतात. नर्सिंग होम नोंदणी, बायोमेडिकल वेस्टचं प्राधिकार पत्र, एक्स-रेचा एईआरबी परवाना, सोनोग्राफीची पीसीपीएनडीटी नोंदणी, लिफ्ट, आणि महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यायचं फॉर्म ‘ब’ प्रमाणपत्र. प्रत्येकापुढे संपण्याची तारीख नव्हे, अर्ज करण्याची तारीख लिहिली. हे शहाणपण मला आपोआप सुचलं नाही. एक नूतनीकरण आमच्या हातून हुकलं होतं आणि ट्रस्टींची बोलणी मी खाल्ली होती.

तयारी किती झाली हे मोजायचा आग्रह संचालकांचा होता. त्यांना टक्केवारी हवी होती. मी काही आठवडे दिली आणि मग बंद केली. सरासरीत एक कोअर मुद्दा बुडून जातो. ८७ टक्के तयार असलेल्या वॉर्डात पोटॅशियमचे अँप्यूल उघड्यावर असू शकतात. पाचव्या आवृत्तीत गुण १ ते ५ असे दिले जातात, म्हणून मी संचालकांना प्रत्येक विभागासाठी एकच आकडा द्यायला लागले: कोअर मुद्द्यांपैकी किती अजून ३ किंवा त्याखाली आहेत. मास्टर शीटमध्ये सी रकान्यात विभाग, एफमध्ये वर्ग आणि एचमध्ये गुण असतील तर हे एवढ्यानं निघतं:

```
=COUNTIFS(C:C,"वॉर्ड",F:F,"कोअर",H:H,"<=3")
```

हा आकडा शून्य होईपर्यंत बाकी काही बोलायचं नाही, असं ठरलं. संचालकांना ते आवडलं नाही, कारण आकडा हळू उतरतो. पण बैठकीत ‘आपण ८७ टक्के आहोत’ या वाक्यावर चहा पिऊन उठता येतं. ‘वॉर्डात चार कोअर लाल आहेत’ या वाक्यावर उठता येत नाही.

जानेवारीत आम्ही घरच्या घरी मूल्यमापन केलं. चौदाच्या चौदा पानं बऱ्यापैकी हिरवी होती. मी एका दिवशी पानं बाजूला ठेवली आणि लॅबमधलं क्रिटिकल रिझल्टचं रजिस्टर घेतलं. धोकादायक पातळीचा रिपोर्ट आला की लॅबने लगेच फोन करून कळवायचं, ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा, आणि फाइलमध्ये वेळ आणि नाव लिहायचं. लॅबच्या पानावर प्रश्न होता: ‘रजिस्टरमध्ये वेळ आणि कुणाला सांगितलं ते नोंदवलंय का?’ हिरवं. वॉर्डाच्या पानावर: ‘क्रिटिकल रिझल्ट आला तर काय करायचं हे सिस्टर सांगू शकते का?’ हेही हिरवं.

मी रजिस्टरमधल्या शेवटच्या पाच नोंदी घेतल्या आणि पाचही पेशंटच्या फाइली एमआरडीतून, म्हणजे रेकॉर्ड विभागातून मागवल्या. पाचपैकी दोन फाइलींमध्ये त्या फोनचा मागमूस होता. एका फाइलीत डॉक्टरांची कृती होती पण फोनची नोंद नव्हती, म्हणजे कुणीतरी सांगितलं असावं. दोन फाइलींमध्ये काहीच नव्हतं. एका पेशंटचं पोटॅशियम ६.४ होतं. रजिस्टर म्हणत होतं, ‘११.१० ला वॉर्ड सिस्टरला कळवले’. फाइलीत पुढची डॉक्टरांची नोंद दुपारी चारची होती आणि तीत पोटॅशियमचा उल्लेख नव्हता. पेशंट सुदैवाने सुखरूप घरी गेला होता. त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, “फोन आला असेल मॅडम, पण तेव्हा मी ॲडमिशन घेत होते. मावशींनी उचलला असेल.”

तेव्हा मला लिफ्टमधल्या पिशवीची आठवण झाली. विभागवार चेकलिस्ट करताना मी प्रत्येक मुद्दा जागांमध्ये फोडला आणि प्रत्येक तुकडा आपापल्या जागी नीट बसवला. तुकडे जुळतात का, हे बघणारं पान मात्र कुणाकडेच नव्हतं. लॅबचा अर्धा हिरवा, वॉर्डाचा अर्धा हिरवा, आणि फोन मधल्या मध्ये हरवलेला. मानकाच्या मूळ पुस्तकात हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे मुद्दा अखंड असतो. फोडल्यामुळे तो माझ्या हातून मोडला होता. बाहेरचे मूल्यमापक पेशंटच्या मागे चालत जातात, म्हणजे एका पेशंटची फाइल धरून कॅज्युल्टी ते डिस्चार्ज सगळीकडे फिरतात. ते नेमके या सांध्यांवर बोट ठेवतात आणि विभागाचे लोक म्हणतात, पण आमचं पान तर पूर्ण होतं.

मग मी पंधरावं पान केलं. त्यावर विभाग नाहीत, सांधे आहेत. आमच्याकडे नऊ निघाले. लॅब ते वॉर्ड, क्रिटिकल रिझल्ट. आयसीयू ते वॉर्ड, शिफ्टिंग आणि औषधांची पिशवी. वॉर्ड ते ओटी, साइट मार्किंग आणि ऑपरेशनआधीची पडताळणी. ब्लड स्टोरेज ते बेड. फार्मसी ते वॉर्ड, न लागलेली औषधं परत. आणि असेच बाकीचे. प्रत्येक सांध्याला एकच मालक, मुद्दाम ‘घेणाऱ्या’ बाजूचा. देणारा म्हणतो मी दिलं, घेणाऱ्यालाच माहीत असतं पोहोचलं की नाही. पहिल्यांदा मी मालकी देणाऱ्या बाजूला दिली होती आणि दोन आठवड्यांत ती बदलली.

तपासायची पद्धत प्रत्येक सांध्याला सारखी आहे. देणाऱ्याच्या रजिस्टरमधून शेवटच्या पाच नोंदी घ्यायच्या, स्वतः निवडायच्या नाहीत, ओळीने शेवटच्या पाच. मग घेणाऱ्याकडे जाऊन प्रत्येक नोंदीचं दुसरं टोक शोधायचं. पाचपैकी किती सापडले तो आकडा पानावर. चारपेक्षा कमी आला तर महिन्याऐवजी आठवड्याने परत. एका सांध्याला अर्धा तास लागतो, त्यातला बराचसा एमआरडीतून फाइल मिळवण्यात जातो. ज्या हॉस्पिटलात फाइली डिस्चार्जनंतर आठवडाभर वॉर्डातच पडून असतात तिथे जास्त लागेल.

क्रिटिकल रिझल्टसाठी आम्ही फार काही केलं नाही. लॅबने मावशींना सांगायचं नाही, सिस्टर नसेल तर आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या मोबाइलवर सांगायचं. वॉर्डातल्या फोनजवळ एक छापील पॅड ठेवलं, त्यावर पेशंटचं नाव, त्याचा यूएचआयडी नोंदणी क्रमांक, टेस्ट, आकडा, वेळ, परत वाचून दाखवला का, कुणाला कळवलं. तो कागद फाडून फाइलला लावायचा. लॅबच्या टेक्निशियनने सुरुवातीला कुरकुर केली की परत वाचेपर्यंत थांबायला वेळ नसतो. एकदा वॉर्डातून २.६ चं ६.२ असं वाचलं गेल्याचं त्यानेच पकडलं आणि मग तो थांबायला लागला.

ऑगस्ट २०२४मध्ये प्रत्यक्ष मूल्यमापन झालं. तपशिलात जात नाही, काही मुद्दे निघाले, आम्ही उत्तरं दिली. नंतर २०२५मध्ये सहावी आवृत्ती आली, मुद्दे ६३९ झाले, काही शब्द बदलले, काही मुद्दे एकमेकांत मिसळले. मास्टर शीटच्या प्रत्येक ओळीला मी पुस्तकातल्या क्रमांकाखेरीज स्वतःचा एक क्रमांक दिला होता, तो न बदलणारा. त्यामुळे नव्या पुस्तकाचा क्रमांक शेजारच्या रकान्यात टाकला आणि विभागांची पानं फारशी हलली नाहीत. वॉर्डातल्या फ्रिजचा प्रश्न तसाच राहिला. पंधराव्या पानाला तर कुठल्याच आवृत्तीचा क्रमांक नाही, त्याला हात लावावा लागला नाही.

गेल्या महिन्यात लॅब ते वॉर्डचे पाचपैकी चार सापडले. पाचवी नोंद रविवारी रात्रीची होती. कागदाचं पॅड संपलं होतं आणि त्या रात्री ड्यूटीवर एजन्सीकडून आलेली सिस्टर होती, तिला पॅडबद्दल कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने आकडा स्वतःच्या तळहातावर लिहिला होता आणि डॉक्टरांना फोनही केला होता, तो फाइलीत आला नाही इतकंच. मी वॉर्डाच्या पानावर एकोणचाळिसावा प्रश्न लिहिला: ‘आज ड्यूटीवर बदली सिस्टर कोण, आणि तिला फोनजवळचं पॅड कुणी दाखवलं?’ मेट्रननी पान बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मग एक कमी कर.” आम्ही अजून ठरवतोय, कुठला.